एकच बैठक तीनदा, आणि सासूबाईंची तारीख कुठेच नाही

दिवाळी जवळ आली की कित्येकांच्या फोनमधल्या कॅलेंडरवर लक्ष्मीपूजन दोनदा दिसतं, एकदा एका रंगात आणि एकदा दुसऱ्या. फोनबरोबर भारतातल्या सुट्ट्यांचं एक कॅलेंडर आलेलं असतं, गुगलचं अकाउंट जोडलं की त्याच्याबरोबर दुसरं येतं, आणि सण दोन्हीकडे लिहिलेला असतो. त्यात कुणाचं नुकसान नाही. दोनपैकी एका कॅलेंडरसमोरची खूण काढली की एक ओळ नाहीशी होते. पण हाच प्रकार कामाच्या बैठकीच्या किंवा डॉक्टरांच्या तारखेच्या बाबतीत झाला की माणूस घाबरतो, आणि घाबरून जे करतो त्यानेच बहुतेक वेळा खरं नुकसान होतं. तो दुबार दिसणारी नोंद पुसायला लागतो.

माझ्या मावसबहिणीच्या घरी नेमकं हेच होण्याच्या बेतात होतं. ताई एका महाविद्यालयात शिकवते. महाविद्यालयाचं कॅलेंडर मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकवर, घरचं सगळं जीमेलवर आणि हातात आयफोन. भावोजींकडे अँड्रॉइड फोन. घरासाठी त्यांनी आपल्या गुगल अकाउंटमध्ये ‘घर’ नावाचं एक वेगळं कॅलेंडर तयार केलं होतं आणि ते ताईच्या जीमेलला शेअर केलं होतं. दोन अकाउंट, दोन फोन, एक लॅपटॉप. आज असंख्य घरांत अशीच मांडणी असते.

ताईच्या तक्रारी तीन होत्या. दर मंगळवारी साडेतीनची विभागाची बैठक फोनवर तीनदा दिसायची. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीची तारीख भावोजींनी ‘घर’मध्ये लिहिली होती, ती ताईच्या लॅपटॉपवर दिसायची, फोनवर नाही. आणि ताई स्वतः फोनवर जे लिहायची ते भावोजींना कधीच दिसायचं नाही. शेवटी एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास बैठक बुधवारी अकरावर ढकलली गेली, आणि तरीही ताई साडेतीनला रिकाम्या खोलीत जाऊन बसली, कारण फोनवर साडेतीनची बैठक अजून होतीच. संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, “मी आता दोन-दोन पुसूनच टाकते.”

“ताई, काही पुसू नकोस. आधी मला सांग, तिन्ही नोंदींपैकी बुधवारवर कुठली गेली?”

एक सकाळीच गेली होती. दुसरी रात्री उशिरा गेली. तिसरी तिथेच राहिली, दुसऱ्या दिवशीही आणि त्यानंतरही. तीन नोंदी तीन वेगळ्या वाटांनी आल्या आहेत, हे एवढ्यावरूनच ठरलं. कोणती नोंद किती वेळात बदलते हे पाहिलं की ती कुठून आली ते बहुतेक वेळा कळतं. त्यासाठी कुठलंही सेटिंग उघडावं लागत नाही.

आता या तीन वाटा एकेक करून पाहू.

पहिली वाट सरळ आहे. आयफोनवर महाविद्यालयाचं अकाउंट जोडलेलं होतं, त्यामुळे आउटलुकमधली मूळ नोंदच फोनवर दिसत होती. इथे नोंद एकच असते आणि ती सर्व्हरवर राहते. फोन आणि लॅपटॉप तिला फक्त दाखवतात. फोनवर वेळ बदलली तर सर्व्हरवर बदलते, सर्व्हरवर बदलली तर थोड्याच वेळात फोनवर येते. दोन्ही बाजूंनी चालणारा हा मार्ग आहे. खरं तर ‘सिंक’ हा शब्द फक्त याच मार्गाला शोभतो.

दुसरी वाट सबस्क्राइब केलेल्या कॅलेंडरची. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाचं अकाउंट ताईच्या फोनवर नव्हतं. तेव्हा कुणीतरी तिला आउटलुकमधून आपलं कॅलेंडर प्रकाशित करून त्याची लिंक काढायला शिकवलं, आणि ती लिंक तिने गुगल कॅलेंडरमध्ये ‘From URL’ या ठिकाणी टाकली. ही सोय त्या काळात उपयोगी पडली आणि मग विसरली गेली. या वाटेने माहिती एकाच दिशेने वाहते. गुगल अधूनमधून त्या लिंकवर जाऊन पाहतं, काय बदललं ते घेऊन येतं आणि दाखवतं. उलट काही जात नाही, म्हणून अशा नोंदीत बदलही करता येत नाही. आणि ‘अधूनमधून’ म्हणजे किती, हे आपल्या हातात नाही. लिंकवरून येणारे बदल दिसायला 12 तासांपर्यंत लागू शकतात असं गुगल स्वतःच सांगतं. उलट दिशेने आउटलुकमध्ये सबस्क्राइब केलं तर मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्याप्रमाणे कधीकधी 24 तासांहूनही जास्त लागू शकतात. सकाळी दहाला ढकललेली बैठक दुपारी साडेतीनपर्यंत हलली नाही याचं कारण हेच. यात काही बिघडलेलं नव्हतं, ही वाटच संथ आहे. सणवार, सामन्यांचं वेळापत्रक, शाळेचं वार्षिक नियोजन यांसाठी ती उत्तम. त्याच दिवशी बदलू शकणाऱ्या बैठकीसाठी ती धोक्याची.

तिसरी वाट इम्पोर्टची. सत्राच्या सुरुवातीला विभागाने सगळ्या प्राध्यापकांना मेलवर एक `.ics` फाइल पाठवली होती. तीत सत्रभराच्या बैठका, अंतर्गत परीक्षा, मूल्यमापनाच्या तारखा होत्या. ताईने ती फोनवरच उघडली, सगळं कॅलेंडरमध्ये घालायची परवानगी दिली, आणि त्या नोंदी आयक्लाउडच्या ‘Home’ नावाच्या कॅलेंडरमध्ये जाऊन बसल्या. इम्पोर्ट म्हणजे झेरॉक्स. मूळ कागदावर नंतर खाडाखोड झाली तरी झेरॉक्सला त्याचा पत्ता नसतो. म्हणून तिसरी बैठक मंगळवारी साडेतीनला तशीच राहिली, आणि कुणी हाताने काढली नसती तर सत्र संपेपर्यंत दर आठवड्याला तशीच दिसत राहिली असती. लोक ‘इम्पोर्ट’ आणि ‘सबस्क्राइब’ हे शब्द एकाच अर्थाने वापरतात, पडद्यावर ते शेजारीशेजारी असतात, आणि बहुतेक गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. फाइल निवडायला सांगत असेल तर ते इम्पोर्ट. लिंक चिकटवायला सांगत असेल तर ते सबस्क्राइब.

तीन नोंदी एकाच बैठकीच्या आहेत हे आपल्याला एका नजरेत कळतं. मग फोनला का कळत नाही? याचं उत्तर नोंदीच्या आत आहे. कॅलेंडरच्या नोंदी एका प्रणालीतून दुसरीत नेण्यासाठी जी सामाईक लिखाणपद्धत वापरतात तिचं नाव iCalendar. 1998 मध्ये ती प्रथम प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली आणि 2009 मध्ये सुधारली गेली. `.ics` फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडली तर नोंद साधारण अशी दिसते:

```
BEGIN:VEVENT
UID:vibhag-baithak-0617@example.org
DTSTAMP:20250601T050000Z
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20250617T153000
SUMMARY:विभागाची बैठक
END:VEVENT
```

यात बैठकीचं नाव आहे, भारतीय वेळेप्रमाणे 17 जून 2025 चे दुपारचे साडेतीन आहेत, पण संगणकाच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची ओळ दुसरी. `UID` ही त्या नोंदीची ओळख. नाव आणि वेळ सारखी असली म्हणून कुठलंही कॅलेंडर दोन नोंदी एक मानत नाही, आणि मानूही नये, कारण साडेतीनला ‘बैठक’ नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी खरोखरच असू शकतात. एकाच कॅलेंडरमध्ये तीच `UID` पुन्हा आली तर ती जुनीच नोंद आहे हे ओळखता येतं. पण नोंद एका कॅलेंडरमधून दुसऱ्यात नकलून नेणारी बरीचशी साधनं नव्या नोंदीला नवी `UID` देतात. शिवाय ताईची एक नोंद आउटलुकमध्ये, एक गुगलमध्ये आणि एक आयक्लाउडमध्ये होती. तीन अकाउंटांच्या पेट्या वेगळ्या, आणि एका पेटीत काय आहे ते दुसरीत डोकावून पाहायचं नाही हाच नियम. फोन या सगळ्या पेट्या एका पानावर मांडतो. तो त्यांची बेरीज करतो, तुलना करत नाही.

याच कारणाने एक्सेलसारख्या तक्त्यातून CSV फाइल बनवून ती गुगल कॅलेंडरमध्ये दोनदा इम्पोर्ट केली की सगळ्या नोंदी दोनदा येतात. त्या तक्त्यात विषय, तारीख, वेळ असे रकाने असतात, ओळख सांगणारा रकाना नसतो. पहिल्या वेळी काही चुकलं म्हणून दुरुस्त करून पुन्हा फाइल चढवणं ही अगदी स्वाभाविक गोष्ट आहे, आणि तीच महागात पडते. म्हणून कुठलीही फाइल इम्पोर्ट करायची असेल तर आधी एक नवं, रिकामं कॅलेंडर तयार करावं आणि फाइल त्यातच घालावी. चुकली तर ते अख्खं कॅलेंडर काढून टाकता येतं. ताईने हे केलं असतं तर तिसऱ्या वाटेचा निकाल एका झटक्यात लागला असता. तिच्या ‘Home’मध्ये महाविद्यालयाच्या तारखा आणि घरच्या वाढदिवसांच्या, विम्याच्या हप्त्यांच्या तारखा एकत्र मिसळल्या होत्या. त्या एकेक पाहून निवडाव्या लागल्या. साप्ताहिक बैठक ही एकच पुनरावृत्ती होणारी नोंद असल्यामुळे एकदाच काढून भागलं, बाकीच्यांना वेळ लागला.

आता दुसरी तक्रार. सासूबाईंच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख लॅपटॉपवर होती, फोनवर नव्हती. नोंद लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये दिसते म्हणजे ती सर्व्हरवर सुखरूप आहे. ती हरवलेली नाही, फोनपर्यंत पोचत नाही एवढंच. हा फरक करायला दोन मिनिटं लागतात आणि बरीचशी धडधड त्यानेच थांबते. नोंद दिसत नाही असं वाटलं की कुठलंही अॅप न उघडता संगणकावर ब्राउझरमधून त्या अकाउंटच्या कॅलेंडरमध्ये जाऊन पाहावं. तिथे असेल तर प्रश्न फोनचा. तिथेही नसेल तर ती दुसऱ्या अकाउंटमध्ये लिहिली गेली असेल किंवा खरंच पुसली गेली असेल.

आयफोनच्या कॅलेंडर अॅपमध्ये गुगल अकाउंट जोडलं की आपलं मुख्य कॅलेंडर येतं, पण दुसऱ्याने शेअर केलेली कॅलेंडरं आपोआप येतीलच असं नाही. त्यासाठी गुगलचं एक वेगळंच पान आहे, आणि ते नेहमीच्या सेटिंगमध्ये शोधत बसलं तर सापडत नाही. पत्ता असा:

```
https://calendar.google.com/calendar/syncselect
```

ज्या गुगल अकाउंटचा प्रश्न आहे त्यातून लॉगइन करून हे पान उघडायचं. तिथे आपली आणि इतरांनी शेअर केलेली कॅलेंडरं यादीने दिसतात आणि प्रत्येकासमोर एक चौकोन असतो. ज्यावर खूण आहे ते आयफोनकडे जातं, नाही ते जात नाही. ताईच्या यादीत ‘घर’समोर खूण नव्हती. आणि महाविद्यालयाच्या त्या जुन्या लिंकवरून आलेल्या कॅलेंडरसमोर मात्र होती. तिने एकीकडची काढली, दुसरीकडे केली, `Save` दाबलं. फोनवरचं कॅलेंडर ताजं झाल्यावर बैठकीची एक नोंद गेली आणि सासूबाईंची तारीख आली. दुबार दिसणं आणि न दिसणं ही दोन वेगळी दुखणी आहेत असं ताईला वाटत होतं. दोन्हींचा उपाय एकाच पानावर निघाला, आणि त्यासाठी एकही नोंद पुसावी लागली नाही.

अँड्रॉइडवर हे पान लागत नाही. तिथे गुगल कॅलेंडर अॅपच्या सेटिंगमध्ये अकाउंटखाली प्रत्येक कॅलेंडरचं नाव येतं, आणि त्या नावावर बोट ठेवलं की आत ‘Sync’ चं बटण असतं. नव्याने शेअर झालेलं कॅलेंडर न दिसण्यामागे बऱ्याचदा हे बंद बटण असतं. त्याहीआधी एक पायरी राहून गेलेली असू शकते. कुणी कॅलेंडर शेअर केलं की मेल येतो, आणि त्या मेलमधली लिंक उघडून ते आपल्या यादीत घ्यावं लागतं. तो मेल जाहिरातींच्या गर्दीत दबला तर शेअर करणारा म्हणतो मी केलं, आणि दुसरा म्हणतो मला आलंच नाही. दोघंही खरं बोलत असतात.

जुन्या नोंदी नाहीशा झाल्याची तक्रारही आयफोनवर वरचेवर येते. कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये ‘Sync’ नावाखाली किती मागपर्यंतच्या नोंदी फोनवर ठेवायच्या ते ठरलेलं असतं, उदाहरणार्थ एक महिना. मार्चमधली तारीख जूनमध्ये शोधली तर सापडत नाही. तिथे ‘All Events’ निवडलं की परत येते.

तिसरी तक्रार मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात नोंद दिसत नाही हेसुद्धा लवकर लक्षात येत नाही. ताई फोनवर ‘शुक्रवारी गॅसवाला’, ‘शनिवारी आईला दवाखाना’ असं लिहायची, तिला ते दिसायचं, म्हणून सगळ्यांना दिसतं असं ती धरून चालायची. भावोजींना काही कळायचं नाही. “मी लिहिलं होतं” आणि “मला दिसलं नाही” यावरून घरात उगाच शब्द वाढायचे.

नवी नोंद कुठल्या कॅलेंडरमध्ये जाणार हे फोनवरच्या ‘Default Calendar’ या सेटिंगवर ठरतं. ताईच्या फोनवर तिथे आयक्लाउडचं ‘Home’ होतं. ‘Home’ हे नाव वाचून तिला ते ‘घर’च वाटलं होतं, आणि कुणालाही तसंच वाटलं असतं. आयक्लाउडचं ते कॅलेंडर भावोजींना शेअर केलेलंच नव्हतं. दोन अकाउंट एकाच फोनवर असले म्हणजे त्यांच्यात देवाणघेवाण होते, हा समज फार पसरलेला आहे आणि तो पूर्ण चुकीचा आहे. फोन दोन्ही अकाउंट दाखवतो. एकातलं दुसऱ्यात तो स्वतःहून कधीही नेत नाही.

मग ताई डिफॉल्ट म्हणून ‘घर’ निवडायला गेली, तर ते यादीत येईना. कारण भावोजींनी शेअर करताना ‘See all event details’ ही परवानगी दिली होती. म्हणजे पाहता येईल, लिहिता येणार नाही. गुगलमध्ये शेअर करताना साधारण चार पातळ्या असतात. फक्त मोकळा वेळ आहे की नाही एवढं दाखवणारी, सगळा तपशील दाखवणारी, नोंदी बदलू देणारी, आणि शेअरिंगचेही अधिकार देणारी. पहिल्या पातळीवर समोरच्याला नोंदीच्या जागी नुसतं ‘busy’ दिसतं, आणि ‘नोंद आली पण नाव कुठे गेलं’ असा प्रश्न पडतो तो यामुळेच. भावोजींनी संगणकावरून परवानगी बदलून ‘Make changes to events’ केली. थोड्या वेळाने ताईच्या फोनवर ‘घर’ डिफॉल्टच्या यादीत दिसू लागलं. त्या दिवसापासून गॅसवाल्याची तारीख दोघांना दिसते.

शेअर केलेल्या कॅलेंडरचं बळ यात आहे, आणि जोखीमही इथेच. सबस्क्राइब केलेल्या कॅलेंडरमध्ये तुम्ही काही बिघडवू शकत नाही. शेअर केलेल्यात लिहिण्याची परवानगी असेल तर नोंद सगळ्यांची मिळून एकच असते. ताईने ‘घर’मधली नोंद दुबार समजून पुसली तर ती भावोजींच्या फोनवरूनही जाते. आणि एखादी बैठक तुम्हीच बोलावलेली असेल तर मूळ नोंद पुसणं म्हणजे बैठक रद्द करणं. निमंत्रितांना तसा निरोपही जाऊ शकतो. ताई विभागप्रमुख असती आणि त्या संध्याकाळी रागारागात तीनपैकी नेमकी पहिली नोंद तिने पुसली असती, तर सगळ्या प्राध्यापकांच्या कॅलेंडरमधून बैठक गेली असती. म्हणून माझं सांगणं असतं की दुबार नोंद दिसली तर नोंदीला हात लावू नका, ती ज्या वाटेने आली ती वाट बंद करा. सबस्क्रिप्शन काढा, खूण काढा, नको असलेलं अकाउंट फोनवरच्या कॅलेंडरपुरतं बंद करा. हे सगळं परत सुरू करता येतं.

चुकून पुसलीच तर गुगल कॅलेंडरमध्ये साधारण 30 दिवस ती कचरापेटीत राहते. संगणकावर सेटिंगच्या चाकावर दाबलं की ‘Trash’ किंवा ‘Bin’ दिसतं, तिथून नोंद परत आणता येते. लिहिण्याची परवानगी असलेल्या कॅलेंडरची पेटीच तिथे दिसते, त्यामुळे ज्याचं कॅलेंडर आहे त्याला सांगणं बरं.

ताईला आणखी एक गोष्ट हवी होती. तिचा डॉक्टरांकडे जायचा वेळ महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांनाही व्यग्र म्हणून दिसावा, म्हणजे त्या वेळी कुणी बैठक ठेवणार नाही. तिला कुणीतरी सुचवलं की दोन्ही कॅलेंडरं एकमेकांना सबस्क्राइब कर. त्याने तिला स्वतःला दोन्हीकडे दोन्ही दिसलं असतं, पण सहकाऱ्यांना नाही, कारण ते तिची वेळ पाहतात तेव्हा तिचं मुख्य कॅलेंडर तपासलं जातं, तिने बाजूला सबस्क्राइब केलेलं नाही. यासाठी नोंद खरोखरच दुसऱ्या कॅलेंडरमध्ये नकलावी लागते, आणि ते काम करणारी तयार साधनं मिळतात. तिथे दिशा सांभाळली नाही तर मोठा घोटाळा होतो. समजा एक साधन जीमेलच्या नोंदी आउटलुकमध्ये नकलतं आणि दुसरं साधन आउटलुकच्या जीमेलमध्ये. पहिल्याने नेलेली नक्कल दुसऱ्याला नवी नोंद वाटते, ते ती परत जीमेलमध्ये आणतं. पहिल्याला ती पुन्हा नवी वाटते. अशाने एका दातांच्या डॉक्टरच्या वेळेच्या ओळीच ओळी तयार होतात. चांगली साधनं आपण केलेल्या नकलेवर खूण ठेवतात आणि तिला पुन्हा हात लावत नाहीत, म्हणून एकाच साधनाला दोन्ही दिशा सांभाळायला द्याव्यात, दोन साधनं समोरासमोर कधी ठेवू नयेत. ताईने एवढा खटाटोप टाळला. डॉक्टरची वेळ असली की ती ‘घर’मध्ये नोंद करते आणि महाविद्यालयाच्या पत्त्याला तिथूनच निमंत्रण पाठवते. ते स्वीकारलं की आउटलुकमध्ये ती वेळ व्यग्र दिसते, आणि निमंत्रणाबरोबर `UID` तीच जात असल्यामुळे वेळ बदलली तर तो बदलही पोचतो. फोनवर या नोंदी दोन दिसतात, पण का दिसतात ते तिला आता माहीत आहे.

आपल्या घरात कुठून कुठे काय जातं हे कळायला एक साधी चाचणी पुरते. पुढच्या रविवारी प्रत्येक कॅलेंडरमध्ये एकेक नोंद करा आणि तिला त्या कॅलेंडरचंच नाव द्या: ‘चाचणी जीमेल’, ‘चाचणी घर’, ‘चाचणी आउटलुक’. या नोंदी संगणकाच्या ब्राउझरमधूनच करा, म्हणजे फोनचं डिफॉल्ट मध्ये येणार नाही. मग प्रत्येक फोनवर काय दिसतं, कितीदा दिसतं, किती वेळाने दिसतं ते कागदावर लिहा. एका दिवसाने प्रत्येकीची वेळ एक तासाने पुढे करा आणि पुन्हा पाहा. लगेच हलली ती खरी. उशिरा हलली ती लिंकवरची. हललीच नाही ती नक्कल. शेवटी प्रत्येक फोनवरून एकेक नवी नोंद करा आणि ब्राउझरमध्ये ती कुठल्या कॅलेंडरमध्ये उतरली ते तपासा. कागदावर जो नकाशा तयार होईल तो जपून ठेवा, नवा फोन घेतल्यावर उपयोगी पडतो.

नवा फोन घेताना आणखी एक जागा तपासायची असते. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर कंपनीचं स्वतःचं कॅलेंडर अॅप असतं, आणि त्यात नोंद करताना ती फोनमध्येच साठवायचा पर्याय असतो. अशी नोंद कुठल्याच अकाउंटमध्ये जात नाही. फोन विकला, हरवला किंवा रीसेट केला की ती त्याच्याबरोबर जाते, आणि मग कुठल्याही कचरापेटीत सापडत नाही.

महाविद्यालयाची ती जुनी प्रकाशित लिंक ताईने आउटलुकमधून बंद केली, कारण अशी लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला त्या कॅलेंडरमधलं वाचता येतं. गुगलचा ‘Secret address in iCal format’ तुम्ही कधी कुणाला दिला असेल आणि आता त्याची गरज नसेल, तर त्याच ठिकाणी असलेल्या `Reset` वर दाबून जुना पत्ता निकामी करा. आणि फोनवरच्या ‘Default Calendar’ मध्ये कचेरीचं अकाउंट निवडलेलं असेल तर ते आजच बदला. नोकरी सुटली किंवा निवृत्ती आली की ते अकाउंट बंद होतं, आणि त्यात लिहिलेल्या आईच्या औषधांच्या, मुलांच्या परीक्षांच्या तारखा तुमच्या हाती राहत नाहीत.